कायमचं म्यूट केलेलं अभिनंदन

आमच्या अभ्यासिकेत परीक्षा पास होण्याच्या बाबतीत मला कुणी विचारत नसे, पण म्यूट कसं करायचं हे मात्र सगळे मलाच विचारत. वाशीमच्या बसस्टँडामागे एका औषधाच्या दुकानावर आमची अभ्यासिका आहे. मी शेलूबाजारहून रोज जीपने यायची आणि खिडकीजवळची खुर्ची धरायची. शेजारची खुर्ची माझ्या मैत्रिणीची. ती इंझोरीची, वाशीमला खोली करून राहायची. आम्ही दोघी एकाच परीक्षेच्या मागे लागलो होतो, एकाच डब्यातलं खात होतो आणि चार वर्षं एकाच पंख्याखाली घामाघूम होत होतो.

छोट्या पोस्टींच्या त्या साइटवर आम्ही सगळेच होतो. परीक्षेची तारीख पुढे गेली की तिथंच बोंब मारायची, जाहिरात निघाली की तिथंच आधी कळायचं. त्यामुळे ती साइट सोडता येत नव्हती. आणि निकाल लागला की तीच साइट उघडवत नव्हती. दर दोन पोस्टींनंतर कुणाचा तरी फेट्यातला फोटो आणि वर "हार्दिक अभिनंदन". कोण ओळखीचं, कोण अनोळखी, याला काही धरबंध नव्हता.

दोन वर्षांपूर्वी माझा निकाल दोन गुणांनी हुकला तेव्हा मी सेटिंगमध्ये जाऊन म्यूट केलेल्या शब्दांत "अभिनंदन" घातलं. त्या पानावर तीन-चार गोष्टी विचारतात. शब्द मुख्य पानावरून लपवायचा का, सूचनांमधूनही लपवायचा का. मी दोन्हीला हो म्हटलं. मग विचारतात, सूचना कुणाच्या अडवायच्या, ज्यांना तुम्ही फॉलो करत नाही त्यांच्याच की सगळ्यांच्या. मी "सगळ्यांच्या" निवडलं, कारण खरं सांगायचं तर अनोळखी माणसाच्या यशाने माझं काही बिघडत नव्हतं, ओळखीच्यांच्या यशानेच पोटात दुखायचं. शेवटी मुदत. चोवीस तास, सात दिवस, तीस दिवस किंवा कायमचं. "कायमचं" आधीच निवडलेलं असतं. मी ते तसंच राहू दिलं.

मग मी त्यातली पंडितच झाले. हे यंत्र पूर्ण शब्द जुळवतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. "अभिनंदन" अडकलं, "हार्दिक अभिनंदन" त्यात आपोआप आलं, मागे उद्गारचिन्हं लावलेलं अडकलं, हॅशटॅग लावलेलंही अडकलं. पण "अभिनंदनाचा वर्षाव" मजेत आत आला, कारण त्याच्या लेखी तो वेगळा शब्द. तोही मी घातला. इंग्रजीतला घातला; त्यात लहान-मोठी अक्षरं वेगळी घालावी लागत नाहीत. फोटोतल्या बॅनरवर लिहिलेलं मात्र त्याला वाचता येत नाही, त्यामुळे फेटे येत राहिले. तेवढं मी सहन केलं.

हे सगळं मी अभ्यासिकेत गुरुजीसारखं शिकवलं. कुणी क्रिकेटचा निकाल आधी कळू नये म्हणून चोवीस तासांसाठी संघाचं नाव घालायचं, कुणी एका क्लासचं नाव घालायचं. मैत्रिणीलाही मीच शिकवलं. "शब्द गेला म्हणजे माणूस गेला असं नाई," मी तिला म्हटलं होतं. "त्याच्या पानावर जाऊन पाह्यलं, नाई तं शोधून पाह्यलं, तं सगळं दिसते. फक्त आपल्या दारात येत नाई. अन् त्याले कळतही नाई."

"मंग कायमचं कायले करा लागते?" तिने विचारलं होतं. "सात दिवस करावं. राग तेवढाच राह्यते."

"कायमचंच कर, डोक्याले ताप नाई," मी म्हटलं होतं. मला वाटलं, हिला अजून जगाचा अनुभव नाही.

यंदाचा निकाल बुधवारी दुपारी लागला. दोघी आपापल्या खुर्चीत होतो. यादी उघडली, नंबर शोधला. तिचा होता, माझा नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर माझी पाण्याची बाटली भरून आणली. मी पाणी प्यायले. "चांगलं झालं," मी म्हटलं. दोन शब्द, तेही पाण्यासोबत गिळल्यासारखे. तिला मिठी मारायला हवी होती हे मला त्या क्षणीही कळत होतं, पण हात उचलेनात.

तिचा फोन टेबलावर पडलेला होता आणि तो थांबायला तयार नव्हता. वाशीमचा क्लास, अमरावतीचा क्लास, ज्या क्लासचं तिने तोंडही पाहिलं नव्हतं तोसुद्धा, सगळे तिला टॅग करत होते. पडदा उजळायचा, मोठ्या अक्षरांत "अभिनंदन" यायचं, विझायचा, पुन्हा उजळायचा. मी पुस्तकात डोकं घातलं. पान कोणतं होतं ते विचारू नका. थोड्या वेळाने तिने फोन उचलला, काहीतरी केलं आणि खाली ठेवला. मग तो गप्प झाला. मला वाटलं, साहेबीणबाईंना आता एवढ्यातच कंटाळा आला.

संध्याकाळी ती गावी निघाली. खाली जिन्याशी मी तिला म्हटलं, "काही दिवस फोन नको करू. मले बोलता नाई येणार. मी लिहीन."

"लिही," ती म्हणाली. "मी वाट पाह्यतो."

आमच्या घरी चुलीपेक्षा बातमी आधी पेटते. मी दारात पाय ठेवला तर आई म्हणाली, "पोरगी पास झाली म्हंते इंझोरीची. तू अभिनंदन केलं का तिचं?"

"केलं," मी म्हटलं.

खोटं. दुसऱ्या दिवशी मग मी ते खरं केलं. साइटवर तिला टॅग करून लिहिलं, "मनापासून अभिनंदन. तुझ्या शेजारच्या खुर्चीवरून." सगळ्यांसमोर लिहिलं, कारण सगळ्यांना दिसायला हवं होतं की मी जळत नाही. जी बाई जळत नाही तिला हे दाखवावं लागत नाही, हे मला आता कळतं. पण ती ओळ लिहायला मला सकाळ पुरली नव्हती, आणि तिच्यातला शेवटचा तुकडा तरी खरा होता.

मग मी वाट बघू लागले. फोन हातात घेऊन जीपमध्ये, फोन हातात घेऊन अभ्यासिकेत. सूचनांचं पान उघडायची, बंद करायची. तिचं उत्तर नाही. बरं, तिचं जाऊ द्या, एरवी माझ्या फालतू पोस्टीला अभ्यासिकेतली पाच-सहा पोरंपोरी तरी बदाम देतात. या पोस्टीवर एकाचीही सूचना नाही. मी त्याचाही अर्थ लावला. म्हटलं, नापास बाईच्या शुभेच्छा, कोण कशाला हात लावतंय. स्वतःची पोस्ट उघडून बघावी असं मला एकदाही वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण आपण दिलेली शुभेच्छा कुणी घेतली का म्हणून पुन्हा पुन्हा डोकावणं मला भीक मागितल्यासारखं वाटलं. माझा ताठा तेवढा पास झालेला होता, अगदी पहिल्या श्रेणीत.

शनिवारी अभ्यासिकेखालच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी तिचा विषय काढला. मी म्हटलं, "साहेबीण झाल्या आता त्या. आपल्यासारख्याचं वाचायले वेळ कोठी राह्यते? चार वर्षं माह्या डब्यातलं खाल्लं, आता दोन अक्षरं लिहायले बोटं दुखून राह्यली."

दोघेतिघे हसले. एकजण हसला नाही. तो तिच्याच गावाकडचा होता, पण तेव्हा मला त्याची पर्वा वाटली नाही. उलट बोलून झाल्यावर चहा गोड लागला, हे लिहितानाही मला कान तापल्यासारखं होतं.

रविवारी इंझोरीत तिचा सत्कार झाला. मला कुठून कळलं, तर फोटो आला म्हणून. वर नुसतं "सत्कार सोहळा, इंझोरी" एवढंच होतं, त्यामुळे तो माझ्या पानावर आला. मंडपात खुर्च्यांची रांग, मध्ये ती, डोक्यावर फेटा, एका बाजूला आईवडील. दुसऱ्या बाजूला एक खुर्ची, तिच्यावर पुष्पगुच्छांचा ढीग. मी फोटो मोठा करून बघितला. म्हटलं, वा रे वा, फुलं ठेवायलासुद्धा आता शेजारी वेगळी खुर्ची लागते. हे मी आईलाही दाखवलं. आईने फोटो बघितला आणि विचारलं, "तू काहून नाई गेली?"

"बलावलं कोणं?" मी म्हटलं.

आईने फोन माझ्या हातात परत दिला आणि भाकरी थापायला बसली.

मंगळवारी ती अभ्यासिकेत आली. खुर्चीखालची पुस्तकं न्यायला, आणि हातात पेढ्यांचा डबा. दुपारची वेळ होती, निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तिने पेढे वाटले, सगळ्यांशी बोलली आणि शेवटी माझ्याशेजारी येऊन बसली, तिच्याच जुन्या खुर्चीत. तिने पेढा पुढे केला. मी तो घेऊन वहीवर ठेवला.

"टपरीवर काय म्हटलं तू, ते कळलं मले," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"मंग खोटं काय म्हटलं?" मी म्हटलं. "मी लिहिलं तुले. सगळ्याईसमोर लिहिलं. तुह्याकडून एक अक्षर नाई."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेगळ्याच भाषेत बोलले होते. "तू वाचलंच नाई?"

"काय वाचू?"

तिने आपला फोन उघडला, माझं पान काढलं, माझी पोस्ट काढली आणि फोन माझ्यासमोर धरला. माझ्या ओळीखाली बदामांचा चांगला पंचवीस-तीसचा आकडा होता. आणि त्याखाली तिचं उत्तर, मी लिहिलं त्याच दिवशीचं, तासाभराच्या आतलं.

"सगळ्यात आधी तुह्यंच अभिनंदन पाह्यजे होतं. रविवारी गावात सत्कार आहे. शेजारची खुर्ची तुह्यी. तू आल्याबिगर मी नारळ घेणार नाई."

मी ते दोनदा वाचलं. मग मला एकदम कळलं. माझ्या पोस्टीत "अभिनंदन" होतं. तिच्या उत्तरातही होतं. म्यूट केलेला शब्द आपल्याला लिहिता येतो, त्याला कोण अडवणार? पण तो ज्या पोस्टीत आहे तिच्यावरचे बदाम, तिच्यावरची उत्तरं, कशाचीच सूचना येत नाही. तो शब्द मी दोन वर्षांपूर्वी कायमचा बंद केला होता, आणि तोही सगळ्यांकडून. अनोळखी लोकांपुरता केला असता तर तिचं उत्तर आलं असतं, कारण तिला मी फॉलो करत होते. मुदत घातली असती तर तो केव्हाच सुटला असता. अख्ख्या अभ्यासिकेला शिकवणारी मी, माझ्याच दाराला बाहेरून कुलूप घालून आत बसले होते आणि कुणी येत नाही म्हणून रडत होते.

"काय झालं?" तिने विचारलं.

सांगण्यावाचून इलाज नव्हता. "म्या तो शब्द म्यूट केला हाये," मी म्हटलं. "दोन वर्षं झाले."

"कोणता?"

मी वहीवरच्या पेढ्याकडे बघत म्हटलं, "अभिनंदन."

समोरच्या रांगेतल्या एका मुलीने मान वर केली आणि लगेच खाली घातली. माझी मान आधीच खाली होती. माणसाच्या मत्सराची जागा नेमकी कुठे आहे हे एका शब्दात सांगायची वेळ येऊ नये. मला वाटलं, ती आता हसेल, किंवा उठून जाईल, आणि दोन्हींना मी पात्र होते.

ती हसली नाही. "कायमचं?" तिने विचारलं.

"कायमचं."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "म्या बी केला हाये."

मला आधी कळलंच नाही. "तू काहून करशील? तुह्यंच तं अभिनंदन होऊन राह्यलं."

"निकालाच्या दिवशी," ती म्हणाली. "तू इथी बसली होती. माह्या फोनवर घडीघडी तेच चमकून राह्यलं होतं, अन् तू पुस्तकात पाहून राह्यली होती. पान बी पलटवत नव्हती. मंग मले आठोलं, तू शिकवलं होतं. मी सात दिवस लावले." मग ती किंचित ओशाळून म्हणाली, "फोन बंद करता येत नव्हता, बाबाचा फोन येऊन राह्यला होता गावाहून."

म्हणजे त्या दुपारी तिने फोन उचलून जे काही केलं, ते हे होतं. ज्याला मी कंटाळा म्हटलं होतं, ते हे होतं. चार वर्षं घासून कमावलेला शब्द तिने स्वतःच्या फोनवर बंद केला, कारण शेजारी मी होते.

"मंग मी लिहिलेलं तुले कसं दिसलं?" मी विचारलं. "तुले बी त सूचना आली नसन."

"नाई आली. तूच सांगतलं होतं ना, दारात येत नाई पण त्याच्या पानावर जाऊन पाह्यलं तं दिसते." ती साधेपणाने म्हणाली. "तू म्हटलं होतं मी लिहीन. मी तुह्या पानावर जाऊन पाह्यत होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून."

एकाच शब्दाला दोघींनी कुलूप घातलं होतं. ती तरीही पुन्हा पुन्हा माझ्या दारापर्यंत चालत आली, आणि मी माझ्या स्वतःच्या ओळीपर्यंत गेले नाही. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण आमच्या वयाच्या पोरी असं करत नाहीत, म्हणून मी नुसती बसून राहिले आणि डोळ्यांतलं पाणी पेढ्यावर पडू नये म्हणून पेढा उचलून हातात धरला.

"ते खुर्ची," मी कसंबसं म्हटलं. "फोटोतली."

"तुह्यीच होती," ती म्हणाली. "लई वेळ रिकामी ठेवली म्या. लोक इचारत होते, कोण येऊन राह्यलं? मी म्हटलं, येईन, शेलूबाजारहून जीप यायची हाये. मंग सरपंच म्हणाले, नारळ घ्या आता, उशीर होते. म्हणून घेतला. मंग कोणंतरी तिच्यावर फुलं ठेवली."

तो फोटो मी बोटांनी मोठा करून बघितला होता. आईला दाखवला होता. माझ्याच खुर्चीवर मी हसले होते. टपरीवर तर त्याही आधी बोलून बसले होते, आणि ते बोलणं तिच्यापर्यंत पोचलेलं असताना ती पेढे घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली होती. लाज वाटते म्हणजे काय, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. नापास झाल्यावर वाटायचं ते काही खरं नव्हे, ते नुसतं अपमानाचं होतं. खरी लाज समोरचा माणूस रागावला नाही की वाटते.

मी माझा फोन काढला. सेटिंग उघडलं, म्यूट केलेल्या शब्दांत गेले, "अभिनंदन" शोधून काढून टाकलं. "अभिनंदनाचा" काढला. इंग्रजीतला काढला. ती बघत होती. शब्द सुटला, पण गेलेल्या गुरुवारची घंटी आता थोडीच वाजणार होती. मग मी माझ्याच पानावर जाऊन माझी पोस्ट उघडली आणि तिच्या उत्तराखाली काय लिहावं ते बघू लागले. "येते" लिहिलं आणि खोडलं. रविवार होऊन गेला होता. "माफ कर" लिहिलं आणि तेही खोडलं, कारण ते पुन्हा सगळ्यांसमोर झालं असतं, आणि सगळ्यांसमोर करायची माझी हौस फिटली होती.

"माफ कर," मी तिच्याकडे बघून म्हटलं.

"पेढा खाय," ती म्हणाली.

मी पेढा खाल्ला. मग तिच्या त्या उत्तराला बदाम दिला. तेवढंच सुचलं. तिचा फोन आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर पालथा नव्हे, उताणाच पडलेला होता. मी नकळत त्याच्याकडे बघितलं, आता उजळेल म्हणून.

तो उजळला नाही. तिचे सात दिवस अजून संपले नव्हते.